वरणाच्या वाटीत प्रोटीन किती? मेस समितीला द्यायचे पत्र

प्रश्न : मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि हॉस्टेलमध्ये राहतो. आमच्या मेसमध्ये दुपारी साधारण १८० जण जेवतात. जेवणातून प्रोटीन किती मिळते हे कोणालाच कळत नाही, म्हणून प्रत्येक पदार्थासमोर प्रोटीन, कॅलरी, कार्ब, फॅट आणि व्हिटॅमिन लिहावे असा अर्ज आम्ही मेस समितीला दिला. वरण पातळ असते, हेही त्यात लिहिले होते. समितीने "लॅबचा रिपोर्ट आणा, मग बघू" म्हणून अर्ज परत केला. कोठीच्या वहीतून मला एका दुपारचे आकडे मिळाले आहेत : तूरडाळ ५ किलो, मटकी ५ किलो, कणीक १६ किलो, तांदूळ १५ किलो. एवढ्यावर हिशेब होईल का? नवे पत्र कसे लिहावे?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : हिशेब होईल, फक्त वहीतल्या या चार आकड्यांना आणखी तीन-चार वजनांची जोड द्यावी लागेल आणि ती वजने भटारखान्यात उभे राहूनच घ्यावी लागतील. पत्राचा मसुदा पुढे देते आहे, परंतु त्याआधी पहिल्या अर्जातील दोन गोष्टी काढून टाका. व्हिटॅमिनची मागणी सोडून द्या, कारण शिजवताना, फोडणीत आणि पदार्थ गरम ठेवताना काही जीवनसत्त्वे किती उरतात हे कोठीच्या वहीवरून सांगता येत नाही. कॅलरीचीही सध्या सोडा, कारण तेल किती घातले आणि त्यातले किती पातेल्याला, कढईला किंवा तर्रीच्या रूपाने वाढपाच्या भांड्यात राहिले, यावर तो आकडा फार हलतो. प्रथिनांचे तसे नाही. डाळीत जेवढी प्रथिने होती तेवढीच, अगदी किरकोळ फरकाने, वरणात उतरतात. पाणी घातल्याने ती विरळ होतात, पण नाहीशी होत नाहीत. म्हणून साध्या वजनकाट्यावर विश्वासाने काढता येण्यासारखा हा घटक आहे, आणि समितीला पटवून देण्याचा तुमचा मुद्दाही हाच असायला हवा.

दुसरी गोष्ट म्हणजे पातळ वरणाची तक्रार. ती खरी असेलही, पण माहितीची मागणी आणि तक्रार एकाच कागदावर आली की वाचणारा फक्त तक्रार वाचतो. शिवाय मेस कंत्राटावर चालत असेल, तर दरडोई डाळ किती घालायची हे बहुधा कंत्राटातच लिहिलेले असते, आणि प्रथिनांचा फलक म्हणजे त्या डाळीचा जाहीर हिशेबच होय. कंत्राटदाराला हे तुमच्याआधी कळते. त्याच्या मनातील ही धास्ती पत्राने वाढवू नये. वरण पातळ आहे की नाही, ते फलकावरचा आकडा आपोआप सांगेल.

आता हिशेबाकडे वळू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात ५२८ खाद्यपदार्थांचे विश्लेषण आहे, आणि आपल्या कामाचे आकडे त्यातच सापडतात : तूरडाळीत दर १०० ग्रॅमला २१.७ ग्रॅम प्रथिने, मटकीत सुमारे १९.८, कणकेत १०.६ आणि तांदळात ७.९. हे सगळे आकडे कच्च्या, कोरड्या मालाचे आहेत. तुमच्या मेसच्या वरणाचा आकडा कोणत्याच तक्त्यात नसतो आणि असूही शकत नाही, कारण कोणत्या आचाऱ्याने डाळीत किती पाणी ओतले हे संस्थेला कसे ठाऊक असणार? इंटरनेटवर "एक वाटी डाळ म्हणजे इतके ग्रॅम" असे जे आकडे फिरतात, ते कुणाच्या तरी घरच्या वाटीचे आणि कुणाच्या तरी घरच्या वरणाचे असतात. ते पत्रात वापरू नका, एकाने जरी "ही वाटी कोणाची?" असे विचारले, तरी उत्तर देता येणार नाही.

वरणाचा हिशेब असा करायचा. रिकामे पातेले आधी वजन करून ठेवायचे. वरण उकळून, फोडणी पडून, वाढायला बाहेर निघण्याच्या क्षणी भरलेले पातेले पुन्हा काट्यावर ठेवायचे. समजा रिकामे पातेले ७ किलो आणि भरलेले ४३ किलो भरले, तर वरण ३६ किलो झाले. ५ किलो डाळीत प्रथिने १०८५ ग्रॅम. ती ३६ किलोंत पसरली, म्हणजे दर १०० ग्रॅम वरणात ३ ग्रॅम आली. तुमच्या मेसची वाटी वाढल्यावर १५० ग्रॅम भरत असेल, तर वाटीत साडेचार ग्रॅम. टोमॅटो, कोथिंबीर, लसूण यांची प्रथिने मी मुद्दाम सोडली आहेत. किलोभर टोमॅटोंतून जेमतेम ९-१० ग्रॅम येतात, आणि हजार ग्रॅमच्या हिशेबात ते शेकडा एक एवढेच आहे. फोडणीच्या तेलात प्रथिने नसतातच.

एवढा मोठा काटा मेसमध्ये नसेल, तर पातेले उचलायची गरज नाही. रिकामी बादली काट्यावर ठेवून वरण बादली-बादलीने त्यात काढत जा आणि वजने मांडत जा. पातेल्याच्या आत खूण करून उंची मोजण्याचा मार्गही काही जण सुचवतात, पण मेसच्या पातेल्यांचे बूड बहुधा गोलसर किंवा चेपलेले असते, आणि उंचीवरून काढलेले वजन फसते.

मटकीच्या उसळीचा हिशेब याच पद्धतीने होतो, पण चूकही तिथेच होते, आणि ती मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलींच्या वसतिगृहात अशाच फलकासाठी मी मदत करत होते. सकाळी भटारखान्यात पोचले तेव्हा मोड आलेली मटकी परातीत काढून ठेवलेली होती. मी ती वजन केली, साडेदहा किलो भरली, तिला तक्त्यातल्या १९.८ ने गुणले आणि उसळीच्या वाटीला साडेपंधरा ग्रॅम प्रथिने असा आकडा खडूने लिहून मोकळी झाले. दुपारी वाढपाला उभ्या असलेल्या मावशींनी फलकाकडे बघून विचारले, "बाई, काल रात्री मी पाचच किलो भिजवली होती. रातीत एवढी कुठून वाढली?" वाढले होते ते पाणी. भिजवून मोड आणले की मटकीचे वजन दुपटीवर जाते, प्रथिने मात्र कोरड्या पाच किलोंत होती तेवढीच राहतात. माझा आकडा बरोबर दुप्पट झाला होता. तेव्हापासून मी एकच नियम पाळते : कोठीतून जो माल ज्या अवस्थेत निघाला, त्याच अवस्थेतले वजन आणि त्याच अवस्थेचा तक्त्यातला आकडा.

खरा हिशेब असा : ५ किलो कोरड्या मटकीत ९९० ग्रॅम प्रथिने, रश्श्यासकट उसळ २० किलो झाली तर १०० ग्रॅममागे जवळजवळ ५, आणि १५० ग्रॅमच्या वाटीत ७.४. फलकावर हा आकडा "७" असा लिहा. दशांश लिहिला की तो प्रयोगशाळेतून आल्यासारखा वाटतो, आणि तसा तो नाही.

चपातीचे काम सर्वांत सोपे. कणकेचे कोरडे वजन घ्या, मळलेल्या गोळ्याचे नको, आणि चपात्या मोजा. १६ किलोंत ५०० चपात्या निघाल्या, तर एका चपातीला ३२ ग्रॅम कणीक लागली आणि तिच्यात ३.४ ग्रॅम प्रथिने आली. लाटताना लावायची पिठी याच १६ किलोंतून घेतलेली असेल तर हिशेबात वेगळे काही करायला नको. भाताचे वजन वरणासारखेच घ्या : १५ किलो तांदळात ११८५ ग्रॅम, शिजून भात ४२ किलो झाला तर १०० ग्रॅमला २.८, आणि २०० ग्रॅमच्या वाढीला ५.६.

आता ताट मांडून पाहा. तीन चपात्या, एक वाढ भात, एक वाटी वरण, एक वाटी उसळ. चपात्यांचे १०, भाताचे साडेपाच, वरणाचे साडेचार, उसळीचे साडेसात. बेरीज साधारण २८ ग्रॅम. यातील निम्म्याहून अधिक वाटा चपाती-भाताचा आहे, ही गोष्ट तुमच्या जिमला जाणाऱ्या मित्रांना रुचणार नाही, कारण त्यांच्या लेखी चपातीत फक्त कार्ब असतात. वजन ६० किलो असलेल्या निरोगी प्रौढाला राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे, म्हणजे किलोमागे ०.८३ ग्रॅम या दराने, दिवसाला ५० ग्रॅम लागतात. आहार मुख्यतः धान्याचा आणि डाळी-दूध त्या मानाने कमी असेल, तर किलोमागे १ ग्रॅम धरणे अधिक सुरक्षित, कारण धान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते. ते डाळी-कडधान्यांत भरपूर असते. म्हणून वरणभात एकत्र खाण्याला अर्थ आहे आणि म्हणूनच केवळ चपात्या वाढवून बेरीज जुळवू नये. पत्रात मात्र हा भाग घालू नका. शरीराला किती लागते हा वेगळा वाद आहे. तुम्हाला फक्त ताटात किती आहे हे विचारायचे आहे.

फलकामुळे काही गैरसमज दूर होतील, त्यातला एक पनीरचा. पनीरचा दिवस म्हणजे प्रोटीनचा दिवस, असे मुले धरून चालतात. १८० जणांना ४ किलो पनीर घातले, तर माणशी २२ ग्रॅम येते, म्हणजे दोन लहान तुकडे, आणि त्यांत प्रथिने ४ ग्रॅमच्या आसपास. त्याच मेसमधली सोमवारची मटकीची वाटी याच्या जवळजवळ पावणेदोनपट देते. पनीरच्या भाजीचा हिशेब मात्र पातेल्याच्या वजनावरून करू नका, कारण कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात जवळजवळ काही नसते आणि पळीत तुकडे किती आले यावरच सगळे ठरते. तिथे एका तुकड्याचे सरासरी वजन काढा आणि फलकावर "एका तुकड्याला २ ग्रॅम" असे लिहा; अंड्यासाठीही "एका अंड्याला ६ ते ७ ग्रॅम" हेच योग्य. मोजून खाता येते ते नगावर लिहावे.

पत्र देण्याआधी या आकड्यांची मर्यादा तुम्हाला नीट माहीत हवी, कारण समितीतील एखादे प्राध्यापक नेमके तेच विचारतील. वाटीचा आकडा ही पातेल्याची सरासरी असते. वरण न ढवळता वाढले की डाळ बुडाशी बसते. बारा वाजता आलेल्यांच्या वाटीत पिवळे पाणी जाते आणि दीड वाजता आलेल्यांना घट्ट पिठले मिळते. दोघांसाठी फलकावर आकडा एकच असतो. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. एकाच मापाचे दोन काचेचे ग्लास घ्या, एकात पंगतीच्या सुरुवातीचे वरण आणि दुसऱ्यात शेवटचे वरण सारख्याच उंचीपर्यंत भरा, अर्धा तास न हलवता ठेवा आणि तळाला बसलेल्या डाळीचा थर पाहा. थरांत ठळक फरक असेल, तर चूक हिशेबाची नसून वगराळ्याची आहे, आणि वाढणाऱ्याने प्रत्येक पाच-सहा वाढींनंतर तळापासून एकदा ढवळले की ती पुष्कळशी सुटते. डाळ चांगली घोटलेली असली तर फरक कमी पडतो; अख्खी मसूर किंवा छोले असतील तर जास्त.

आणखी एक पडताळा महिनाअखेरीस घ्यावा. महिन्यात कोठीतून निघालेल्या तूरडाळीला त्या महिन्यात वरण झालेल्या वेळांनी भागा. उत्तर ५ किलोंच्या जवळ आले तर फलक खरा. साडेतीन आले तर वजने घेतली त्या दिवशी डाळ जास्त पडली होती, हे उघड आहे. पाहुणे आले की घरचे जेवणही सुधारते. म्हणूनच प्रत्येक पदार्थाची वजने वेगवेगळ्या तीन दिवशी घ्यावीत आणि त्यांतला एक दिवस तरी आगाऊ न कळवता घ्यावा, असे मी सुचवेन. परंतु "न कळवता" हा शब्द पत्रात लिहू नका, समितीच्या सदस्यांशी तोंडी बोलून ठरवा.

पत्राचा मसुदा असा आहे. रिकाम्या जागा भरा, आणि माझे आकडे जसेच्या तसे ठेवू नका. कोठीच्या मालाचे आकडे तुमचे आहेत, पण पातेल्याची, वाटीची आणि भाताच्या वाढीची वजने, तसेच चपात्यांची संख्या मी नमुन्यादाखल धरली आहे. समितीला ती तुमच्याच मेसमधली हवीत.

---

प्रति,
मा. अध्यक्ष, मेस समिती,
……… वसतिगृह

विषय : मेसच्या दैनंदिन फलकावर प्रत्येक पदार्थातील प्रथिनांचे अंदाजे प्रमाण लिहिण्याबाबत.

महोदय / महोदया,

आम्ही या वसतिगृहातील खाली सह्या करणारे विद्यार्थी आपणांस विनंती करतो की, मेसच्या फलकावर रोजच्या पदार्थांची नावे लिहिली जातात, त्यांसमोर एका वाढीतील प्रथिनांचे अंदाजे प्रमाण ग्रॅममध्ये लिहिण्यास अनुमती मिळावी. आमची मागणी केवळ प्रथिनांपुरती आहे. कॅलरी किंवा इतर घटक आम्ही मागत नाही, कारण उपलब्ध नोंदींवरून ते पुरेशा विश्वासाने काढता येणार नाहीत.

हे प्रमाण काढण्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीची आवश्यकता नाही. कोठीतून निघालेल्या कोरड्या मालाचे वजन, राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद यांच्या २०१७ च्या तक्त्यांतील त्या मालाचे प्रथिनांचे प्रमाण, शिजलेल्या पदार्थाचे एकूण वजन आणि एका वाढीचे वजन, या चार गोष्टींवरून ते मिळते. दि. ……… रोजच्या दुपारच्या जेवणाचा नमुना हिशेब सोबत देत आहोत.

वरण : तूरडाळ ५००० ग्रॅम × २१.७ ÷ १०० = प्रथिने १०८५ ग्रॅम. शिजलेले वरण ३६००० ग्रॅम. एक वाटी १५० ग्रॅम. म्हणून १०८५ × १५० ÷ ३६००० = ४.५ ग्रॅम.

मटकीची उसळ : कोरडी मटकी ५००० ग्रॅम × १९.८ ÷ १०० = ९९० ग्रॅम. शिजलेली उसळ २०००० ग्रॅम. एक वाटी १५० ग्रॅम. म्हणून ९९० × १५० ÷ २०००० = ७.४ ग्रॅम.

चपाती : कणीक १६००० ग्रॅम × १०.६ ÷ १०० = १६९६ ग्रॅम. चपात्या ५००. म्हणून एका चपातीस ३.४ ग्रॅम.

भात : तांदूळ १५००० ग्रॅम × ७.९ ÷ १०० = ११८५ ग्रॅम. शिजलेला भात ४२००० ग्रॅम. एक वाढ २०० ग्रॅम. म्हणून ११८५ × २०० ÷ ४२००० = ५.६ ग्रॅम.

फलकावर हे आकडे पूर्णांकात किंवा अर्ध्या ग्रॅमपर्यंत लिहावेत आणि खाली पुढील ओळ कायम असावी, असे आम्ही सुचवितो : "हे प्रमाण कोरड्या मालाच्या वजनावरून काढलेले असून अंदाजे आहे. प्रत्यक्ष वाढीप्रमाणे त्यात फरक पडू शकतो."

या कामाचा भार मेसच्या कर्मचाऱ्यांवर पडू नये, म्हणून वजने घेण्याची व हिशेबाची जबाबदारी आम्ही दोन विद्यार्थी स्वीकारण्यास तयार आहोत. मेसचा साप्ताहिक मेनू ठरलेला असल्याने प्रत्येक पदार्थाचा हिशेब एकदाच करावा लागेल. कृती, मालाचे प्रमाण किंवा वाटी बदलली तरच तो पुन्हा करावा लागेल. त्यासाठी पुढील तीन आठवडे कोठीच्या वहीतील नोंदी पाहण्याची आणि स्वयंपाक पूर्ण होण्याच्या वेळी भटारखान्यात उपस्थित राहण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.

आरंभी केवळ दुपारच्या जेवणासाठी एक महिना हा प्रयोग करून पाहावा आणि त्यानंतर तो चालू ठेवण्याबाबत समितीने निर्णय घ्यावा.

आपले विनम्र,
(नावे, खोली क्रमांक व सह्या)

---

पत्रात कायद्याचा आधार घेतलेला नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. तुमच्यापैकी कोणीतरी खाद्य सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग व प्रदर्शन विनियमांचा हवाला द्यायला सांगेल. त्यातली मेनूवर कॅलरी लिहिण्याची सक्ती केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांवर आहे. एका हॉस्टेलच्या मेसला ती लागू पडत नाही, आणि त्या सक्तीतही रोजच्या पदार्थासमोर लिहायच्या असतात त्या कॅलरी, प्रथिने नव्हेत. चुकीचा नियम पुढे केला की समितीला तो खोडून काढण्याची आयती संधी मिळते आणि मूळ विनंती बाजूला पडते. माहितीच्या अधिकाराचा धाकही इथे नको.

लॅबच्या रिपोर्टचा मुद्दा पुन्हा निघाला, तर शांतपणे एवढेच सांगा की प्रयोगशाळेत पदार्थातील नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात आणि त्यातून प्रथिनांचा आकडा काढतात. तो आकडा नेमका असतो, पण त्या एका दिवशीच्या त्या एका बाटलीतल्या वरणाचा. दुसऱ्या दिवशी पाणी दोन लिटर जास्त पडले की तो रिपोर्ट शिळा झाला. कोठीची वही रोजची असते. प्रयोगशाळेची गरज कच्च्या मालाबद्दलच शंका असेल तेव्हा पडते, उदाहरणार्थ पनीर खरोखर दुधाचे आहे की नाही, आणि ती चौकशी या पत्राचा विषय नाही.

समितीतून एक आक्षेप योग्य येऊ शकतो : मूत्रपिंडाच्या विकारामुळे कोणाला डॉक्टरांनी प्रथिने मोजून खायला सांगितले असेल, तर त्याने या फलकावर विसंबावे का? उत्तर "नाही" असेच द्या. अंदाजे आकड्यांवर औषधोपचाराचा आहार बसवता येत नाही, आणि फलकाखालची ओळ ठेवण्यामागे तेही एक कारण आहे.

पत्र देण्याच्या आदल्या दिवशी एक काम तेवढे करा. मेसमधल्या वाट्यांचा ढीग पाहा; बहुतेक ठिकाणी दोन-तीन मापांच्या वाट्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. प्रत्येक मापाची एकेक वाटी घेऊन, रोज वाढतात तितकेच वरण त्यात घालून वजन करा. माझ्या हिशेबातली वाटी १५० ग्रॅमची आहे. तुमची १२० ची निघाली, तर साडेचाराचे साडेतीनच ग्रॅम राहतात, आणि दोन मापे वापरात असतील तर फलकावर कोणत्या वाटीचा आकडा लिहायचा हे समितीसमोर बसण्यापूर्वी ठरवून ठेवावे लागेल. मी लहान वाटीचा लिहिला असता.